चित्रातल्या पडद्याला चुण्या हव्यात

नवीन फ्लॅटचं इंटिरियर करायला दिलं की काम सुरू होण्याआधी हॉलचं एक चित्र हातात येतं. संगणकावर त्रिमितीत खोली उभी करून, तिच्यात प्रकाश सोडून काढलेलं हे चित्र म्हणजे रेंडर. त्यात फरशी खरी वाटते, टीव्ही युनिटचं लाकूड खरं वाटतं, खिडकीची काचही पटते. मग नजर पडद्यावर जाते आणि काहीतरी बिनसतं. तो पत्र्यासारखा उभा असतो. सोफा पाहावा तर साबणाच्या वडीतून कोरल्यासारखा गुळगुळीत. ग्राहकाला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चित्र पटत नाही हे तो लगेच ओळखतो.

याचं कारण कापडाच्या स्वभावात आहे. फरशीचा आकार ठरलेला असतो. कापडाला स्वतःचा आकार नसतो. तो त्याला वजन, शिलाई आणि टांगण्याची पद्धत देते. म्हणून रेंडर करणाऱ्याला नुसतं ‘बेज रंगाचा लिननचा पडदा, आत पांढरं शिअर’ एवढंच सांगितलं, तर आपण रंग आणि नाव सांगितलेलं असतं. पडदा सांगितलेलाच नसतो. इंटिरियरच्या कामात मी बराच वेळ अशी वर्णनं लिहिण्यात घालवते आणि माझं ठाम मत असं आहे की वर्णनात कापडाची मापं आली की निम्मं काम तिथेच होतं.

एक हॉल घेऊ. पुण्यातल्या एखाद्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचा, पश्चिमेला बाल्कनीचा सरकता दरवाजा असलेला. दरवाजा 8 फूट रुंद आहे. पडद्याची दांडी दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच पुढे काढली, म्हणजे ती 114 इंचांची झाली. आता 114 इंच झाकायला 114 इंच कापड घेतलं, तर ते चादरीसारखं सपाट ताणलं जाईल. पडदे शिवणारा कारागीर किमान दुप्पट कापड धरतो. दुकानात पडद्याच्या कापडाचा पन्हा साधारण 48 इंचांचा असतो. दुपटीचे 228 इंच म्हणजे पावणेपाच पन्हे. अर्धवट पन्हा कोणी लावत नाही, म्हणून पाच घ्यायचे. ते 240 इंच होतात, दांडीच्या दुपटीहून थोडे जास्त. शिअर पातळ असतं, त्याला अडीचपट तरी लागतं, नाहीतर ते केविलवाणं दिसतं. म्हणजे 285 इंच, सव्वासात मीटरच्या आसपास.

रेंडरमध्ये सर्वांत जास्त घोळ होतो तो याच आकड्यात. चित्र करणारा बहुतेक वेळा तयार मॉडेलच्या संग्रहातून एक पडदा उचलतो आणि आपल्या खिडकीच्या मापाला ताणतो. मूळ पडदा 5 फुटांच्या खिडकीचा असेल आणि तो साडेनऊ फुटांवर ताणला, तर चुण्यांची संख्या तेवढीच राहते आणि प्रत्येक चुणी जवळपास दुप्पट रुंद होते. पडद्यावर मोठमोठ्या सुस्त लाटा दिसतात. पडदे बाजूला सारलेले दाखवायचे असतील तर चूक आणखी उघडी पडते. 240 इंच कापड दोन बाजूंना गोळा केलं की प्रत्येक बाजूला फूट-सव्वा फूट जागा व्यापतंच. चित्रात ते चार इंचांच्या खांबासारखं दिसत असेल, तर एवढं कापड गेलं कुठे, हा प्रश्न डोळ्याला पडतो. प्रश्न शब्दांत येत नाही, पण पडतो.

दुसरी गोष्ट वरच्या टोकाची. चुणीचा जन्म तिथे होतो. आयलेटचा पडदा, म्हणजे धातूच्या कड्यांतून दांडी ओवलेला, वरपासून खालपर्यंत सारख्या गोल लाटांत पडतो. वर चुण्या शिवून हुकांवर लावलेल्या पडद्याचं तसं नसतं. तिथे वरच्या चार इंचांत कापड घट्ट बांधलेलं असतं आणि खाली ते मोकळं होत जातं. छातीच्या उंचीपर्यंत चुण्या शिस्तीत असतात, गुडघ्याशी येईपर्यंत एखादी शेजारच्या चुणीत मिसळलेली असते, एखादी फुगलेली. खाली चार इंचांची दुमड आणि शिअरला बहुतेकदा दुमडीत ओवलेली शिशाची बारीक साखळी असते. तिच्या वजनामुळे खालची कड सरळ राहते. फरशीपासून अर्धा इंच वर. चित्रात पडदा फरशीत घुसलेला किंवा तीन इंच वर लटकलेला असेल, तर त्याची चूक पहिल्या नजरेत कळते.

तिसरी गोष्ट कापडाचा ताठपणा. सुती साडीच्या निऱ्या आणि जॉर्जेटच्या निऱ्या शेजारी पाहिल्या आहेत त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पण चित्र करणाऱ्याला ‘मऊ पडतं’ एवढ्यानं काही कळत नाही. कापडाचा हा गुण मोजता येतो. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधले फ्रेडरिक पीअर्स यांनी 1930 मध्ये त्यासाठी एक साधी रीत मांडली: कापडाची पट्टी सपाट फळीच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची आणि तिचं टोक स्वतःच्या वजनानं ठरलेल्या कोनापर्यंत, 41.5 अंशांपर्यंत, खाली येईपर्यंत किती लांबी बाहेर आली ते पाहायचं. घरी ही चाचणी ढोबळपणे करता येते. टेबलाच्या कडेवरून इंचभर रुंदीची पट्टी पुढे ढकला. शिअर लगेच मान टाकतं, लिनन थोडं पुढे जातं आणि मागे लेप असलेलं ब्लॅकआउटचं कापड बराच वेळ हवेत आडवं राहतं. ज्याची पट्टी लांब जाते, त्याच्या चुण्या रुंद आणि थोड्या. ज्याची लवकर झुकते, त्याच्या चुण्या अरुंद आणि पुष्कळ. दुकानातून आणलेल्या नमुन्यांवर हे करून ‘शिअरपेक्षा दुप्पट लांब गेलं’ एवढं जरी लिहून पाठवलं, तरी समोरच्याला धरायला काहीतरी मिळतं.

कारण चांगला रेंडर करणारा चुण्या हातानं कोरत नाही, त्या पाडून घेतो. ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही कापडाचं अनुकरण करायची सोय आहे. 240 इंचांचं सपाट कापड घ्यायचं, वरची कड ठरावीक अंतरांवर पकडायची आणि त्या पकडी हळूहळू जवळ आणत गुरुत्वाकर्षण सोडायचं. सुती, रेशमी, डेनिम, चामडं असे तयार स्वभाव यादीत असतात आणि वाकण्याला होणारा विरोध आकड्यानं कमी-जास्त करता येतो. मापं खरी दिली असतील तर चुण्या आपोआप पटण्याजोग्या पडतात. इथे एक खाच आहे. संगणकातलं कापड लहान लहान चौकोनांचं बनलेलं असतं. चौकोन 10 सेंटिमीटरचा असेल, तर त्याला 5 सेंटिमीटरची चुणी पाडताच येत नाही, मग कितीही मऊ आकडे द्या. आणखी एक खूण मी नेहमी तपासते: डाव्या पडद्याची उजव्याशी तुलना. वेळ वाचवायला एक पडदा करून दुसरा आरशातल्यासारखा उलटवलेला असेल, तर डावीकडची मिसळलेली चुणी उजवीकडेही त्याच उंचीवर सापडते. खऱ्या घरात असं कधीच होत नाही.

आता शिअर. माझ्या मते सगळ्यात अवघड भाग हाच आहे, आणि सगळ्यात सुंदरही.

नवशिक्या माणूस शिअर करताना पांढरं कापड घेतो आणि त्याची अपारदर्शकता निम्म्यावर आणतो. परिणाम प्लास्टिकच्या पिशवीसारखा येतो. शिअरमधून प्रकाश दोन वाटांनी येतो, हे त्यात विसरलेलं असतं. काही प्रकाश धाग्यांमधल्या भोकांतून सरळ येतो. त्याच्यामुळे आपल्याला पलीकडची झाडं दिसतात. बाकीचा काही प्रकाश धाग्यांवर आदळतो, त्यांच्यातून झिरपतो आणि सगळीकडे पसरतो. त्याच्यामुळे कापड स्वतः उजळतं, पण पलीकडचं काही दाखवत नाही. समजा एका थरातून 60 टक्के प्रकाश आत येतो, त्यातला 30 टक्के सरळ आणि 30 टक्के पसरून. आता चुणीत दोन थर एकावर एक आले. ढोबळ हिशेबानं एकूण प्रकाश 36 टक्क्यांवर येतो, पण सरळ येणारा प्रकाश 9 टक्केच उरतो. तीन थरांत एकूण 21-22 टक्के, सरळ तीनहूनही कमी. म्हणजे थर वाढले की उजेड हळूहळू कमी होतो, पण पलीकडचं दृश्य झपाट्यानं पुसलं जातं. खरं शिअर म्हणूनच असं दिसतं: सपाट भागातून बाहेरचा गुलमोहर धुरकट दिसतो आणि चुणीवर तोच नाहीसा होऊन दुधाळ उजेड उरतो.

त्यात कोनाची भर पडते. कापड आपल्याकडे तोंड करून असतं तेव्हा भोकं उघडी दिसतात. चुणीच्या बाजूला कापड तिरकं वळलं की धाग्यांच्या जाडीनं भोकं झाकली जातात. त्यामुळे शिअरवर पारदर्शक आणि दुधाळ अशा आलटून पालटून उभ्या पट्ट्या दिसतात. पातळ कापडाच्या चुण्या आपल्याला दिसतात त्या मुख्यतः या पट्ट्यांमुळे. सावल्या तिथे फारच फिक्या असतात.

ब्लेंडरमध्ये याला अनुरूप दोन वेगवेगळे पदार्थ आहेत. सरळ जाऊ देणारा `Transparent BSDF` आणि पसरवून सोडणारा `Translucent BSDF`. दोन्ही `Mix Shader` मध्ये मिसळायचे आणि त्यांचं प्रमाण `Layer Weight` च्या `Facing` मधून कोनाप्रमाणे बदलायचं. दुसऱ्या सॉफ्टवेअरांत नावं वेगळी असतात, तत्त्व तेच. काचेचा पदार्थ मात्र इथे चालत नाही. काच प्रकाश वाकवते, शिअर वाकवत नाही. काच वापरली की पलीकडचं दृश्य वेडंवाकडं होतं आणि फरशीवरच्या उन्हाचा विचका होतो.

याच खिडकीत एक विचित्र दोष उद्भवतो, आणि तो ओळखायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. पडदा बाजूला सारला आहे तिथे, चुण्यांच्या गर्दीत, काळे डाग दिसतात. प्रकाशाचा किरण किती पारदर्शक थरांतून जाऊ शकेल याला सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा घातलेली असते. ब्लेंडरच्या `Light Paths` मध्ये `Transparent` या नावापुढे ती मूळची 8 असते. गोळा झालेल्या शिअरकडे तिरकं पाहिलं तर किरणाला आठाहून जास्त थर ओलांडावे लागतात. तो मध्येच संपतो आणि तिथे काळं उमटतं. आकडा वाढवला की डाग जातात, चित्राला वेळ मात्र जास्त लागतो. तेव्हा काळे डाग दिसले तर ‘सावली छान आलीये’ म्हणून सोडून देऊ नका.

आपल्या हॉलच्या पश्चिमेच्या दरवाजातून संध्याकाळी पाचला ऊन थेट आत येतं. त्या वेळेचं चित्र मागवलं असेल तर फरशीकडे पाहावं. शिअर ओढलेलं असताना उन्हाचा चौकोन फरशीवर राहतो, पण फिका होतो, आणि त्यात चुण्यांच्या गडद उभ्या रेघा उतरतात. चौकोन शिअर नसल्याइतकाच लख्ख असेल, किंवा पार गायब असेल, तर पडदा फक्त दिसण्यापुरता ठेवलाय, प्रकाशाच्या हिशेबात तो नाही. रात्रीचं चित्र असेल तर उलटं तपासायचं. आत दिवे लागलेले आणि बाहेर अंधार असेल, तेव्हा आतून शिअर पांढऱ्या भिंतीसारखं दिसतं, कारण खोलीचाच उजेड त्यावरून परत आपल्याकडे येतो. पडद्यापलीकडे सोसायटीचे दिवे स्पष्ट लुकलुकत असलेलं रात्रीचं रेंडर मोहक दिसतं, पण ते चूक असतं. ग्राहक ते पाहून शिअरवर पसंतीची खूण करतो, आणि प्रत्यक्षात राहायला गेल्यावर बाहेरचं काही दिसत नाही म्हणून हिरमुसतो. बाहेरून मात्र त्याचा हॉल रस्त्यावरून दिसत असतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

अस्तर नसलेल्या लिननच्या मुख्य पडद्यावरही पाचचं ऊन पडतं. तिथे मी एक बारकावा हमखास लिहिते. दोनदा मुडपलेल्या खालच्या चार इंचांत कापडाचे तीन थर असतात. मागून ऊन आलं की तेवढी पट्टी बाकी पडद्याहून स्पष्ट गडद दिसते. पन्हे जोडलेल्या उभ्या शिवणीही तशाच गडद रेघांसारख्या उमटतात. आपल्या पाच पन्ह्यांच्या पडद्यात त्या शोधल्या तर सापडायला हव्यात. एवढ्या दोन गोष्टी चित्रात आल्या की पडदा कोणीतरी शिवलेला वाटू लागतो. मागे ब्लॅकआउटचं अस्तर असेल तर यातलं काहीच दिसणार नाही. ऊन फक्त कडांवरून डोकावेल. म्हणून अस्तर आहे की नाही, हे वर्णनात आलंच पाहिजे.

सोफ्याकडे वळताना प्रश्न बदलतो. तिथे कापड ताणून बसवलेलं असतं, त्यामुळे ते पडतं कसं यापेक्षा किती अंतरावरून त्याचं काय दिसतं हे महत्त्वाचं ठरतं. आपल्या चित्राची रुंदी 2400 पिक्सेल आहे आणि सोफ्याच्या अंतरावर त्यात 14 फूट, म्हणजे सुमारे 4200 मिलिमीटर मावतात असं धरू. एक पिक्सेल म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. सोफ्याच्या साध्या विणीचा धागा 0.4 मिलिमीटरचा असेल तर एका पिक्सेलमध्ये चारेक धागे बसतात. म्हणजे ही वीण या चित्रात दिसणंच शक्य नाही. तरीही ती दिसत असेल, तर कापडाच्या फोटोचं माप चुकलंय. 20 सेंटिमीटरच्या नमुन्याचा फोटो 7 फुटी सोफ्यावर एका दमात ताणला की तो दहापट मोठा होतो. 0.4 चा धागा 4 मिलिमीटरचा होतो आणि सोफा सुतळीनं विणल्यासारखा दिसतो. उलट तोच नमुना खऱ्या मापात शेजारी शेजारी लावत गेलं, तर त्यातली एखादी जाड गाठ दर 20 सेंटिमीटरवर पुन्हा येते आणि बैठकीवर ठिपक्यांची रांग लागते. उपाय म्हणून नमुना मोठा मागवावा, निदान हातभर, आणि फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवावी. फूटपट्टीशिवाय पाठवलेल्या फोटोवरून माप काढणं म्हणजे निव्वळ अंदाज.

वीण दिसत नसेल तर मग सोफा कापडाचा का वाटतो? प्रकाश त्यावरून कसा परत येतो त्यावरून. बूक्लेचे गुंडाळलेले फुगीर धागे पाचेक मिलिमीटरचे असतात, म्हणजे तीन पिक्सेलचे. ते सुटे दिसत नाहीत, पण सोफ्याची कड किंचित अस्पष्ट, केसाळ होते. बूक्लेच्या रेंडरमध्ये कड सुरीनं कापल्यासारखी असेल तर पृष्ठभागावर कितीही फुगीरपणा रंगवा, तो खोटाच वाटतो. मखमलीचं वेगळं. तिची लव उभी असते, त्यामुळे समोरून पाहिलं तर ती खोल, काळपट दिसते आणि जिथे पृष्ठभाग वळून पाहणाऱ्यापासून दूर जातो, म्हणजे हाताच्या गोलाईवर आणि उशीच्या कडेला, तिथे ती उजळते. लाकूड किंवा चामडं असं वागत नाही. चित्रपटांसाठी पदार्थांचं गणित साधं करताना डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी 2012 मध्ये कापडाच्या या कडेच्या उजेडाला ‘शीन’ नावाची स्वतंत्र कळ ठेवली. आज बहुतेक सॉफ्टवेअरांत ती सापडते. ती जास्त फिरवली की सोफ्यावर पिठाचा थर बसल्यासारखा दिसतो, म्हणून हात आखडताच ठेवावा. मखमलीच्या लवेची दिशाही सांगावी. ती पाठीवर वरून खाली आणि बैठकीवर मागून पुढे असते. एखाद्या तुकड्याची लव उलटी बसली तर तोच रंग वेगळा दिसतो.

आकाराबाबत एकच गोष्ट लिहिते. नव्या सोफ्याची बैठक सपाट नसते. फोमवर पातळ फायबरचा थर असतो, म्हणून मध्यभागी ती कडांपेक्षा इंचभर उंच असते. चारही कोपऱ्यांत शिवणीपासून आत जाणाऱ्या दोन-तीन बारीक ओढ असतात. पायपिंग लावलं असेल तर त्याची दोरी कोपऱ्यावर जराशी जाड दिसते.

या सगळ्यातून आपल्या हॉलसाठी मी रेंडर करणाऱ्याला पाठवलेलं वर्णन असं होतं: ‘दांडी 114 इंच, छताला लागून. मुख्य पडदा लिनन-कॉटन, पाच पन्हे, वर चुण्या शिवून हुकांवर, अस्तर नाही. खाली चार इंच दुमड, फरशीपासून अर्धा इंच वर. दोन्ही बाजूंना सारलेला. आत शिअर अडीचपट, पूर्ण ओढलेलं, खाली वजनाची साखळी, समोरून बाहेरचं धुरकट दिसावं, चुणीवर दिसू नये. वेळ संध्याकाळी पाच, ऊन थेट. सोफा 7 फूट, राखाडी मखमल, लव खाली, पायपिंग त्याच कापडाचं. फूटपट्टीसह नमुन्याचा फोटो सोबत.’ यात ‘आलिशान’, ‘मऊशार’, ‘प्रीमियम’ असे शब्द नाहीत, कारण त्यांवरून कोणालाही कुठलीच चुणी पाडता येत नाही.

एवढं करूनही एका बाबतीत चित्रावर विसंबू नये, ती म्हणजे रंग. मोबाईलच्या पडद्यावर दिसणारा राखाडी आणि घरच्या एलईडी दिव्याखाली दिसणारा राखाडी यांत अंतर असतंच. कापड रंगवताना वापरलेल्या रंगद्रव्यांनुसार काही राखाडी पिवळ्या दिव्यात हिरवट होतात, काही जांभळट. तेव्हा चित्र पाहून कापडाची जात, चुण्या आणि पारदर्शकता ठरवावी आणि रंगासाठी मात्र हातभर तुकडा दुकानातून घरी आणून, संध्याकाळी दिवे लावल्यावर, सोफा जिथे येणार त्याच भिंतीशी धरून पाहावा.